137 दिवसांचा परतावा वार्षिक करताना

10 जानेवारी 2023 ला 50,000 गुंतवले आणि 27 मे 2023 ला 52,100 हातात आले, तर परतावा 4.2 टक्के. तो वर्षाच्या दराशी ताडून पाहायचा, तर आधी दिवस नीट मोजा. शेवटच्या तारखेतून पहिली वजा करा, म्हणजे 137 येतात. दोन्ही टोकं धरून 138 करू नका. आणि "साधारण चार महिने" म्हणून वर्षात असे 3 काळ धरून 1.042 चा 3 रा घात तर मुळीच काढू नका, कारण मग उत्तर 13.1 टक्के येतं आणि ते सरळसरळ फुगलेलं असतं.

स्प्रेडशीटमध्ये हे लिहा:

```
=(1+4.2%)^(365/137)-1
```

उत्तर येतं 11.58 टक्के. बरेच जण 4.2 ला 365/137 ने नुसतं गुणतात, त्यांना 11.19 मिळतं. हा सरळव्याजी हिशेब झाला, त्यात मिळालेला नफा पुन्हा गुंतवल्याचं धरलेलं नसतं. एक वर्षाच्या वर गेलं की फरक उलटा होतो: 500 दिवसांत 18 टक्के मिळाले, तर गुणाकाराने 13.14, पण चक्रवाढीने 12.84 टक्केच.

फार थोड्या दिवसांचा परतावा मात्र वार्षिक न केलेलाच बरा. 9 दिवसांतले 2 टक्के या सूत्रात घातले की सुमारे 123 टक्के दिसतात, आणि तसा परतावा वर्षभर टिकेल याला काहीच आधार नसतो. तिथे "9 दिवसांत 2 टक्के" एवढंच लिहा.

मध्येच पैसे घातले किंवा काढले असतील, तर हे सूत्र सोडून स्प्रेडशीटमधलं `XIRR` हे फंक्शन वापरा, ते प्रत्येक रकमेची तारीख धरून वार्षिक दर काढतं.