शाळेचा मेल: इशारा, सूचना की काही करायला सांगितलंय?

विषयाच्या ओळीवर जाऊ नका. 'महत्त्वाचे', 'तातडीचे' हे शब्द शाळेचं ऑफिस गॅदरिंगच्या पासलाही लावतं आणि बोर्डाच्या नोंदणीलाही. 'भाषा नम्र असली की साधी सूचना' असंही बरेच पालक सांगतात. त्यावर तर मुळीच विश्वास ठेवू नका. शाळेतले सगळ्यात गंभीर मेल सगळ्यात नम्र असतात.

आधी अटॅचमेंट उघडा. खरा मजकूर बहुतेक वेळा तिथेच असतो.

मग वाचताना प्रत्येक क्रियापदाला विचारा, 'हे कोणी करायचं?' 'शनिवारी शाळा साडेअकराला सुटेल', 'पालकांनी नोंद घ्यावी': यात तुमच्याकडे काही काम नाही. तारीख कॅलेंडरमध्ये टाकली की संपलं. 'संमतिपत्र सही करून बुधवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावे' म्हटलं असेल तर काम तुमचं, हेही उघड आहे. इथवर कोणी चुकत नाही.

चूक होते ती सूचनेच्या कपड्यातल्या मागणीत. मुलगी नववीत असताना मला 'नववीच्या बोर्ड नोंदणीबाबत' असा मेल आला. सीबीएसई शाळांत नववीतच बोर्डाकडे मुलांची नोंदणी होते. पहिले तीन परिच्छेद नियमांचे, सोबत नावांची यादी. मी वरवर पाहिलं, माहितीसाठी असेल म्हणून बंद केलं. शेवटच्या परिच्छेदात होतं, 'तपशिलात तफावत आढळल्यास शुक्रवारी दुपारी ३ पर्यंत कळवावे, अन्यथा तपशील योग्य असल्याचे गृहीत धरले जाईल.' यादीत तिच्या वडिलांच्या नावातलं एक अक्षर गळलं होतं. माझं गप्प राहणं म्हणजेच माझा होकार ठरला. पुढे दुरुस्तीसाठी अर्ज, जन्मदाखल्याची प्रत आणि शाळेच्या खिडकीवर चार हेलपाटे झाले.

त्यामुळे आता मी मेल खालून वर वाचते. 'अन्यथा', 'न केल्यास', 'गृहीत धरले जाईल', 'विचार केला जाणार नाही', किंवा इंग्रजी मेलमधलं 'फेलिंग विच' दिसलं की तो मेल सूचना नाही, मग विषयात काहीही लिहिलेलं असो. स्वतःला एकच प्रश्न विचारा: मी काहीच केलं नाही, तर काय होईल? काहीच होणार नसेल, तर ती सूचना. काहीतरी आपोआप ठरणार असेल, तर ती मागणी, आणि तिची मुदत शेवटच्या परिच्छेदात सापडेल. 'कृपया' कुठे आहे ते शोधू नका. माझ्या त्या मेलमध्ये तो शब्दच नव्हता.

इशारा ओळखायला वेगळी खूण लागते. मेलमध्ये मुलाचं नाव आहे, एवढ्यावरून घाबरू नका. फीच्या स्मरणपत्रातही सॉफ्टवेअर प्रत्येकाचं नाव भरतं. फक्त तुमच्याच मुलाला लागू होईल असा तपशील आहे का, ते पाहा. 'असे निदर्शनास आले आहे की आपला पाल्य ८४ पैकी ६१ दिवस उपस्थित होता' हा इशारा आहे, आवाज कितीही सौम्य असला तरी. सीसीमध्ये वर्गशिक्षकांबरोबर मुख्याध्यापकही असतील तर शाळा लेखी नोंद तयार करते आहे, असं समजा.

अशा मेलमधला आकडा स्वतः करून बघा. ८४ पैकी ६१ म्हणजे ७२.६ टक्के. सीबीएसईच्या बोर्ड परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के लागतात. मूल पुढचे ८ दिवस सलग गेलं, तर ९२ पैकी ६९ होऊन बरोबर ७५ भरतात. म्हणजे हा इशारा वेळेत आला आहे. हाच मेल डिसेंबरअखेर आला, तर भरून काढायला दिवसच उरत नाहीत. आजारपणामुळे दिवस बुडाले असतील तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट आताच द्या. सवलतीचा विचार कागदांवरच होतो, आणि तीन महिन्यांनी मागितलेलं सर्टिफिकेट कोणी मानत नाही.

तरीही कळलं नाही, तर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका. तिथे चाळीस जण 'फॉरमॅलिटी आहे' म्हणतील, आणि त्यांच्या मेलमध्ये तुमचे ६१ दिवस नसतात. ऑफिसला फोन करून सरळ विचारा, 'माझ्याकडून काय हवंय आणि कधीपर्यंत?' मग मिळालेलं उत्तर त्याच मेलला रिप्लाय म्हणून एका ओळीत लिहून पाठवा. पत्ता 'नो-रिप्लाय' असेल तर वर्गशिक्षकांच्या मेलवर.