झूम मारण्याआधी पिक्सेल मोजा: अ‍ॅप डेमोच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

एडिटिंग येतं, कीफ्रेम लावता येते, ओबीएस उघडून स्क्रीन रेकॉर्ड करता येते, एवढं मी धरून चालते. मला बोलायचंय झूमबद्दल. अंधेरीतल्या एका छोट्या स्टुडिओत डेमो व्हिडिओ करायला लागले तेव्हा मला सगळ्यात जास्त छळलं ते झूमने. क्लासवाले ट्रान्झिशनचे प्रीसेट वाटत बसतात, हे मात्र कोणी सांगत नाही.

उदाहरण घेऊ. हाउसिंग सोसायटीचा हिशेब ठेवणारं वेब अ‍ॅप. डेमो बघणार सोसायट्यांचे खजिनदार, बहुतेक साठी ओलांडलेले, आणि बघणार मोबाइलवर. पडद्यावर एक तक्ता: फ्लॅट नंबर, सभासदाचं नाव, थकबाकी, आणि शेवटी ‘पावती’चं बटण. थकबाकीचा आकडा मोठा करून दाखवायचा आणि मग बटण दाबायचं, इतकाच शॉट. पहिला कट बघून एका खजिनदार काकांचा फोन: “ताई, आकडा चष्मा लावूनही धूसर दिसतोय हो.”

धूसर का, ते सावकाश बघा, कारण सगळी गोम इथेच आहे. रेकॉर्डिंग 1920×1080 आणि टाइमलाइनही 1920×1080. म्हणजे 100 टक्क्यांवर रेकॉर्डिंगचा एक पिक्सेल व्हिडिओच्या एका पिक्सेलवर बसतो. शिल्लक काहीच नाही. दुप्पट झूम केलात की एका पिक्सेलचे चार करावे लागतात आणि तीन पिक्सेल सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. माणसाच्या चेहऱ्यावर ते खपून जातं. अक्षरांवर खपत नाही, कारण अक्षराची कड काळ्यातून थेट पांढऱ्यात जाते. ती जरा पसरली की 8 आणि 6 सारखेच दिसायला लागतात. लॅपटॉप 1366×768 चा असेल तर दुखणं आणखी मोठं. नुसती फ्रेम भरायलाच जवळपास 141 टक्के ताणावं लागतं, म्हणजे झूमच्या आधीच तुम्ही उधारीवर.

म्हणून रेकॉर्डिंग टाइमलाइनपेक्षा मोठं हवं. 3840×2160 चं रेकॉर्डिंग 1080 च्या टाइमलाइनमध्ये 50 टक्क्यांवर बसतं आणि 100 टक्क्यांपर्यंत, म्हणजे दुप्पट झूमपर्यंत, एकही खोटा पिक्सेल लागत नाही. पण तेवढ्या पिक्सेलचा मोठा मॉनिटर लावला आणि विंडोजचं डिस्प्ले स्केल 100 वरच ठेवलं तर अ‍ॅपमधलं सगळं मुंगीएवढं होतं, आणि मोठ्या रेकॉर्डिंगचा फायदा तिथेच संपतो. स्केल 200 टक्के करा. मांडणी 1080 च्या पडद्यासारखीच राहते, फक्त प्रत्येक अक्षराला चौपट पिक्सेल मिळतात. ओबीएसमध्ये `Base (Canvas) Resolution` आणि `Output (Scaled) Resolution` हे दोन्ही आकडे सारखे आहेत ना, तेही बघा. दुसरा कमी असेल तर फाइल बनतानाच तुमचे पिक्सेल गेलेले असतात.

एवढं करूनही प्रीमियरमध्ये खड्डा आहेच. क्लिपवर राइट क्लिक केलं की `Scale to Frame Size` आणि `Set to Frame Size` असे दोन पर्याय दिसतात. बसवतात दोन्ही सारखंच. पण पहिला पर्याय क्लिपला आधी टाइमलाइनच्या मापात उतरवतो, आणि पुढचा झूम त्या उतरवलेल्या चित्रावर होतो. दुसरा फक्त स्केलचा आकडा 50 करतो, मूळ पिक्सेल शाबूत राहतात. ओळखायचं कसं? मोठी क्लिप फ्रेममध्ये नीट बसलीय आणि तरी इफेक्ट कंट्रोलमध्ये स्केल 100 दिसतंय, म्हणजे पहिला पर्याय लागलेला आहे. काढून टाका.

मोठा मॉनिटर नाही? घाबरू नका, मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत जुन्या लॅपटॉपवर काम उभं करणारे पुष्कळ आहेत. ब्राउझरच 200 टक्के करून रेकॉर्ड करा, असा सल्ला हमखास मिळतो. अर्धवट सल्ला आहे. अ‍ॅपला वाटतं पडद्याची रुंदी निम्मी झाली, की डावीकडचा मेनू गायब होऊन तीन आडव्या रेघा येतात, तक्त्याचे रकाने खाली घसरतात, आणि आधीच्या शॉटशी काहीच जुळत नाही.

त्याऐवजी हे करा. झूमच्या क्षणी पडदा बहुतेक वेळा स्थिरच असतो, मग तिथे व्हिडिओ लागतोच कशाला? क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये डिव्हाइस टूलबार उघडा, `Responsive` वर 1920×1080 टाका. तीन टिंबांच्या मेनूतून `Add device pixel ratio` आणि `Add device type` घ्या. रेशो 2 ठेवा, प्रकार `Desktop`. मग त्याच मेनूतलं `Capture screenshot`. हातात 3840×2160 चं कोरं चित्र येतं, मांडणी जशीच्या तशी. झूम सुरू होण्याच्या एक फ्रेम आधी रेकॉर्डिंगच्या जागी हे चित्र ठेवायचं. सांधा दिसत नाही, मात्र रेकॉर्डिंगही 1920×1080 चं आणि ब्राउझर फुल स्क्रीन ठेवून केलेलं हवं, आणि पान तेवढंच स्क्रोल झालेलं हवं; एखादी ओळ उडी मारताना दिसली तर तिथेच गडबड आहे.

यासाठी कर्सर वेगळा लागतो. ओबीएसच्या सोर्समधली `Capture Cursor` ची खूण काढा आणि बाणाचं पारदर्शक चित्र वरच्या लेयरवर स्वतः हलवा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण रेकॉर्ड झालेला कर्सर झूमबरोबर फुगतो आणि थरथरत्या हाताचा प्रत्येक हिसका दाखवतो. कर्सरभोवती सतत फिरणारं पिवळं वर्तुळ मला अजिबात आवडत नाही. जो आकडा दाखवायचा त्याच्यावरच ते जाऊन बसतं. क्लिकच्या वेळी पातळ कडं उमटून विरलं, पुरे झालं.

आता चाल. 30 फ्रेमच्या टाइमलाइनवर झूमला साधारण 20 फ्रेम देते, दोन्ही टोकांना ईझ. तेवढा वेळ कर्सर हलत नाही. झूम थांबला, दहाएक फ्रेम गेल्या, मग कर्सर निघतो. दोन्ही एकदम हलले की डोळ्याला कशामागे जायचं कळत नाही, आणि काका पुन्हा फोन करतात.

कॉलआउटचंही तसंच. झूमच्या आधी काढलेली 4 पिक्सेलची चौकट रेकॉर्डिंगला बांधली तर दुप्पट झूममध्ये 8 ची जाडजूड होते. नाही बांधली तर आकडा सरकतो आणि चौकट मागे भलत्याच सभासदाच्या नावावर राहते. आफ्टर इफेक्ट्समध्ये नल लेयर आणि एक्स्प्रेशनने यातून वाट निघते, आमचे सीनियर तेच करायला लावायचे. मी मात्र सोपं करते: झूम थांबल्यावर चौकट आणायची, झूम मागे यायच्या आत काढायची. बांधायचा प्रश्नच येत नाही.

थकबाकीचा रकाना 640 पिक्सेल रुंद होता. तोच फ्रेमभर हवा म्हटलं तर झूम तिप्पट, आणि आपली मर्यादा दुप्पट. इथे हट्ट करू नका. दुप्पटवर थांबा आणि आजूबाजूचा तक्ता 50 टक्के काळा लेयर टाकून मंद करा. आकडा आपोआप उठून दिसतो.

तपासताना एडिटरची प्रीव्ह्यू विंडो `Fit` वर नको, 100 टक्क्यांवर ठेवा. आणि क्लायंटला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवलात तर तो दाबून लहान होतो, आणि घाटकोपर ते कुर्ला लोकलमध्ये उभ्याने बघणारा माणूस परत तेच म्हणणार: आकडा धूसर आहे.