तेरीज जुळत नाही? फरक उचंत खात्यात ढकलू नका

तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाक्यांची यादी, जुळली नाही की नवशिक्या माणसाचा हात लगेच तात्पुरत्या उचंत खात्याकडे जातो. फरकाची रक्कम तिथे टाकली की दोन्ही बाजू सारख्या दिसतात, पण चूक जागच्या जागी राहते. उचंत खातं सगळं तपासून झाल्यावरच उघडावं.

समजा, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या मार्चअखेरच्या तेरजेत नावे बाजू 540 रुपयांनी जास्त आहे. आधी तेरजेची बेरीज खालून वर पुन्हा करा. त्याच क्रमाने केली तर डोळा तीच चूक पुन्हा करतो. मग खतावणीतली प्रत्येक बाकी तेरजेत आली का ते पाहा. रोख आणि बँक यांच्या बाक्या रोख पुस्तकात असतात, त्यामुळे त्याच जास्त सुटतात.

मग आकड्याला प्रश्न विचारा. 540 ची एखादी नोंद जमेला करायची राहिली का? निम्मे म्हणजे 270 शोधा: ग्राहकाकडून आलेले 270 त्याच्या खात्यात जमेऐवजी नावे पडले, तर फरक दुप्पट दिसतो. 540 ला 9 ने पूर्ण भाग जातो, म्हणून 1,820 चे 1,280 किंवा 600 चे 60 झाले असतील, तेही पाहा. पण 9 ने भाग गेला म्हणजे अंकांची अदलाबदलच झाली असं नाही. हा फक्त संशय आहे, आणि घाईत लोक त्यालाच पुरावा मानतात.

इथे यातलं काहीच सापडत नाही, कारण चुका दोन आहेत. विक्री पुस्तकात पानाची बेरीज पुढे नेताना 48,300 ऐवजी 47,300 लिहिली गेली, म्हणून विक्री खात्याला 1,000 कमी जमा झाले. आणि रोख पुस्तकातल्या दिलेल्या कसरीच्या, म्हणजे ग्राहकांना दिलेल्या सवलतीच्या, रकान्याची 460 ही बेरीज कसर खात्यात नावे टाकायचीच राहिली. 1,000 वजा 460, म्हणजे 540. त्यामुळे आकडा दाद देत नसेल तर सहायक पुस्तकांच्या बेरजा आणि पुढे नेलेल्या रकमा पानागणिक तपासाव्याच लागतात, प्रत्येक पोस्टिंगवर पेन्सिलीची टिक करत.

आता हे 540 उचंतला जमा करून वर्षअखेर उत्पन्नात घेतले असते तर? नफा योगायोगाने बरोबर आला असता. पण खात्यातली विक्री हजाराने कमी राहून बिलांवरून भरलेल्या जीएसटी विवरणपत्राशी जुळली नसती, आणि दिलेली कसर कुठेच दिसली नसती.

खरेदी खात्यात समायोजन न करता अखेरचा मालसाठा तेरजेत घेऊ नका.

टॅलीमध्ये तेरजेखाली `Difference in opening balances` दिसलं, तर चालू वर्षाची व्हाउचरं उकरू नका, सुरुवातीच्या बाक्या गेल्या वर्षीच्या ताळेबंदाशी लावून पाहा.

आणि जुळलेल्या तेरजेवरही डोळे मिटून विसंबू नका: यंत्राच्या दुरुस्तीचा खर्च दुरुस्ती खात्याऐवजी यंत्र खात्यात नावे टाकला तरी ती जुळतेच.