केमोआधी दात दाखवा, नंतर तोंड असं सांभाळा

केमोची तारीख ठरली की रक्ताचे रिपोर्ट आणि विम्याचे कागद जमवण्यात दिवस जातात, दात मात्र कुणाच्या लक्षात येत नाहीत. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर काम करतात. तोंडाच्या आतलं नाजूक अस्तरही असंच सतत नवं होत असतं, त्यामुळे ते पातळ होऊन सोलतं. त्याच सुमारास जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कमी होतात. एरवी गप्प बसलेली किडकी दाढ तेव्हा जंतू रक्तात सोडू शकते.

दातांचं काम कधी उरकायचं?

समजा, कोपरखैरण्यात राहणाऱ्या 52 वर्षांच्या बाईंची स्तनाच्या कॅन्सरसाठी पहिली केमो 24 तारखेला आहे. खालच्या दाढेचं नुसतं मूळ उरलंय, मधूनमधून ठणकतं. ते काढायचं तर 8–10 तारखेपर्यंत काढावं, कारण जखम भरायला केमोपूर्वी निदान 10 ते 14 दिवस हवेत. 21 तारखेला दाढ काढली, तर जखम उघडी असतानाच पांढऱ्या पेशी उतरणीला लागतील.

डेंटिस्टकडे जाताना रक्तातल्या पेशी मोजणारा ताजा सीबीसी रिपोर्ट आणि केमोच्या औषधांची नावं लिहिलेला कागद न्या. हाडांसाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिड किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू असेल किंवा ठरलं असेल, तर ते आधी सांगा. या इंजेक्शनांनंतर दात काढला तर जबड्याचं हाड उघडं पडून बरं न होण्याचा धोका असतो. एक्स-रे काढून लपलेली कीड आणि मुळाशी असलेला पू शोधावा, दात साफ करून घ्यावेत, टोकदार कडा घासून घ्याव्यात. सैल कवळीही आत्ताच नीट बसवून घ्या, पुढे ती घासून जखम करते. मिश्री आणि तंबाखू त्याच दिवशी बंद.

रक्ताच्या कॅन्सरमध्ये कधी कधी केमो थांबवता येत नाही. मग दाताचं काय करायचं हे कॅन्सरचे डॉक्टर आणि डेंटिस्ट यांनी एकमेकांशी बोलून ठरवावं. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकसारख्या कॅन्सर रुग्णालयात उपचार असले आणि डेंटिस्ट घराजवळचे असले, तर दोघांचे फोन नंबर एकमेकांना देणं हे घरच्यांचंच काम.

रोजची गुळणी

एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा खायचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ विरघळवा. बेकिंग पावडर नको, धुण्याचा सोडा तर मुळीच नको. उठल्यावर, प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपताना अर्धा मिनिट हळू खळखळा, थुंका, मग साध्या पाण्यानं चूळ भरा. छाले आले की दर दोन-तीन तासांनी करा. उरलेलं पाणी रात्री टाकून द्यावं.

तुरटी, हळद-मीठ चोळणं किंवा अल्कोहोल असलेला माउथवॉश वापरू नका. सोललेल्या अस्तराला त्यानं आणखी इजा होते.

अगदी मऊ ब्रश कोमट पाण्यात भिजवून फ्लोराइडच्या पेस्टनं दोन वेळा घासा. पेस्ट झोंबली तर सौम्य चवीची घ्या, पण घासणं सोडू नका.

कोणत्या दिवशी काय दिसतं?

त्या बाईंना केमोनंतर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान तोंडात जळजळ आणि लाली जाणवू शकते. सातव्या ते चौदाव्या दिवसात त्रास सहसा सर्वांत जास्त असतो, मग दोन-तीन आठवड्यांत तोंड भरून येतं. या काळात अळणी मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, कोमट दूध, पिकलं केळं चालतं. ठेचा, लोणचं, चिंच, लिंबू, आंबट ताक आणि कडक भाकरी बाजूला ठेवा. वेदनेमुळे जेवण अडत असेल तर बधिर करणारी जेल डॉक्टरांकडून मागून घ्या आणि जेवणाआधी लावा. नंतर मात्र गाल-जीभ चावली जाणार नाही हे पाहा.

कोरडेपणासाठी दर थोड्या वेळानं एक घोट पाणी घ्या आणि साखर नसलेलं च्युइंगम चघळा. गोड गोळ्या चघळल्यानं कोरड्या तोंडात दात लवकर किडतात. ओठांना पेट्रोलियम जेली लावा.

5-एफयू हे औषध शिरेतून झटकन देणार असतील, तर सुरू होण्याच्या पाच मिनिटं आधीपासून अर्धा तास बर्फाचे तुकडे तोंडात धरल्यानं छाले कमी येतात. गारव्यानं तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तिथं कमी पोहोचतं. सोबत ऑक्सॅलिप्लॅटिन असेल तर बर्फ नको, त्यात गारवा सहन होत नाही. म्हणून आधी नर्सला विचारा.

फोन कधी करायचा?

ताप 38 अंश सेल्सिअस म्हणजे 100.4 फॅरेनहाइट झाला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्रीच रुग्णालय गाठा. गोळीनं ताप उतरतो, पण रक्तातला संसर्ग चालूच राहतो. पाणीही गिळता येत नसेल, हिरड्यांतून रक्त थांबत नसेल किंवा जिभेवर दह्यासारखे पांढरे डाग आले असतील, तरी त्याच दिवशी कळवा. असे डाग बहुधा बुरशीचे असतात. त्यांना गुळणी पुरत नाही, बुरशीचं औषध लागतं.