आईच्या साखरेचे इशारे

आईच्या दंडावर ग्लुकोज सेन्सर लावला आणि फोन दिवसभर कोकलू लागला. वरची मर्यादा 180 होती. जेवणानंतर तिची साखर थोडा वेळ तेवढी चढतेच, लगेच करण्यासारखं काही नसतं. डॉक्टरांना विचारून ती मर्यादा 250 केली. खालची मात्र 70 च ठेवली, कारण आई इन्सुलिन घेते. 70 ला ती स्वतःच तीन चमचे साखर पाण्यात घालून पिते; माझा फोन 60 च्या खाली गेल्यावरच वाजतो.

रात्रीची भानगड वेगळीच निघाली. आई सेन्सरच्या कुशीवर झोपली की सेन्सर दाबला जाऊन आकडा धाडकन खाली, कूस बदलली की थोड्या वेळात वर! तरी बोटातून थेंब काढून ग्लुकोमीटरवर बघतोच. घाम, थरथर असेल तर आधी साखर, मग तपासणी. नवा सेन्सर दुसऱ्या दंडावर लावलाय.