यादी घड्याळात बसवली

रावेरला केळीची बाग, सोबत खताचं दुकान. कामांची यादी रोज व्हायची, पण नऊलाच कोलमडायची. आता सकाळी आधी हातातले तास मोजतो.

काल सात ते एक, म्हणजे सहा तास. एक मोकळा सोडून उरले पाच. यादीची बेरीज साडेसहा. थ्री फेज लाईट दहापर्यंतच, म्हणून ठिबकमधून खत सात ते नऊ. मग साडेदहापर्यंत केळीची पिलं कापणं. साडेअकरा ते एक दुकानात मालमोजणी, उन्हात तेच बरं. उधारीची वही, दीड तास, सकाळीच आजच्या यादीत ढकलली.

मधेच चाळीस मिनिटं लाईट गेली. मोकळ्या तासाने ती गिळली, मालमोजणी वेळेवर सुरू झाली. दीड तास गेली असती, तर दहापर्यंत खतच पुरं झालं नसतं.