बागेचा पाइप पिंपात बुडवून ठेवता? या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत एका घरी सकाळी नळाला पहिलं पाणी आलं ते तपकिरी, शेणाचा वास मारणारं. सगळ्यांचा संशय गटारावर. पण फुटलं कुठे काहीच नव्हतं. त्याच लाइनवरच्या शेजाऱ्यांनी आदल्या दिवशी जीवामृताच्या, म्हणजे शेणाच्या द्रवखताच्या पिंपात पाणी भरायला बागेचा पाइप सोडला होता. मधेच पाणी गेलं, आणि ते नळ तसाच उघडा ठेवून कामाला गेले. संध्याकाळी पिंप वीतभर रिकामं! तेच पाणी पाइपातून उलटं लाइनमध्ये ओढलं गेलं होतं.

पाणी गेलं की लाइनमधलं उरलेलं पाणी उताराकडे पळतं आणि मागे पोकळी राहते. त्यात कोणी थेट नळाला मोटर लावलेली असली तर ती आणखी ओढते. मोटर पाणी वर ढकलते एवढंच आपण बघतो, पण तिच्या मागच्या बाजूचा पाइप ती शोषत असते. वातावरणाच्या दाबाच्या निम्म्याइतकी पोकळी झाली तरी पाणी पाचेक मीटर वर चढू शकतं. पिंपातून नळाच्या उंचीपर्यंत चढायचं म्हणजे फार तर एक मीटर. गटारातून गेलेल्या पाइपचा सांधा गळका असेल तर तिथूनही घाण आत येते.

“एनआरव्ही बसवलाय की,” असं हमखास ऐकू येतं. म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारी झडप. बसवा, पण तिच्या भरवशावर राहू नका. झडपेत वाळूचा एक कण अडकला तरी ती पूर्ण मिटत नाही, आणि ते बाहेरून कळत नाही. भरवशाची वस्तू फुकट आहे: मोकळी हवा. पाइपचं तोंड पिंपाच्या काठाच्या वरच बांधा. अर्धा इंची नळाला निदान 25 मिलिमीटर अंतर हवं. टाकीतला बॉल कॉकही ओव्हरफ्लोच्या वर असावा. नळाचं पाणी आधी हौदात पडू द्या, मोटर हौदातून चालवा. बोअरची आणि नळाची लाइन एका व्हॉल्व्हने जोडू नका. दोन्ही वेगवेगळ्या, वरून हौदात सोडा.

आपल्याकडे उलटी ओढ आहे का, हे बघायला पाणी जायच्या वेळी पिण्याच्या पाण्याने भरलेलं फुलपात्र उघड्या नळाखाली, नळाचं तोंड पाण्यात बुडेल असं धरा. पाणी वर खेचलं गेलं तर ओढ आहे. एकदा नाही दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका, शेजारची मोटर रोज त्याच वेळी चालते असं नाही.

घाण आलीच तर ते पाणी टाकीत चढवू नका. चढलं असेल तर टाकी उपसून धुवा. पिंपात कीटकनाशक असेल तर उकळून उपयोग नाही, उकळल्याने जंतू मरतात, औषध जात नाही. नळ सोडून लाइन धुऊन काढा आणि मग क्लोरीन तपासा. क्लोरीन तपासायच्या ओटी, म्हणजे ऑर्थोटोलिडीन द्रावणाचे थेंब पाण्यात टाकल्यावर पिवळी छटा यायला हवी. क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवं. छटा आलीच नाही, तर पाणीपुरवठा विभागाला कळवा आणि तोवर प्यायला दुसरीकडून आणा.